वाचा-उपचाराचा अहवाल कसा वाचावा?

‘उच्चार बराच सुधारला’ एवढ्या शेऱ्यावरून पालकांना काहीच मोजता येत नाही. समजा, पाच वर्षांची मुलगी ‘क’च्या जागी ‘त’ म्हणते. ‘काका’चे ‘ताता’ होतात. चांगल्या अहवालात अशी नोंद असते : ‘चित्रे दाखवून विचारलेल्या 20 शब्दांपैकी जूनमध्ये 5 शब्दांत क बरोबर आला, सप्टेंबरमध्ये 16 शब्दांत, शब्द आधी म्हणून दाखवला नव्हता.’ ही शेवटची अट महत्त्वाची. ऐकून म्हटलेले आणि आपणहून म्हटलेले शब्द एकत्र मोजले, तर प्रगती फुगून दिसते.

पुढची ओळ मर्यादा सांगते : ‘वाक्यांत 20 पैकी 8, गप्पांत अजून क्वचितच.’ यात घाबरण्यासारखे काही नाही. नवा उच्चार सहसा आधी सुट्या शब्दांत, मग वाक्यांत आणि शेवटी गप्पांत रुळतो. म्हणून पुढचे ध्येयही वाक्यांचेच : ‘डिसेंबरपर्यंत 20 पैकी 16.’

शाळेसाठीची सूचनाही तितकीच नेमकी असते. मुलगी ‘तप’ म्हणाली, तर बाईंनी तिला वर्गासमोर टोकू नये. ‘हो, कप’ असे स्पष्ट म्हणून पुढे जावे.

अहवाल हाती आला की पालकांनी एवढे जरूर विचारावे : हे आकडे सुट्या शब्दांचे, वाक्यांचे की गप्पांचे?