शिष्यवृत्तीचा फॉर्म कोण भरतं?

दरवर्षी फॉर्म भरायच्या दिवसांत एखादे वडील वर्गाच्या दाराशी येतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात आधारकार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि तहसीलमधून धावपळ करून आणलेला उत्पन्नाचा दाखला. "सर, सायबर कॅफेवाला म्हणतो साइट उघडते, पण फॉर्म काही भरता येत नाही." माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, मोजलेलं नाही. दोष त्या वडिलांचा नसतो. त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

शिष्यवृत्ती परीक्षेचा हा फॉर्म पालकाला भरताच येत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही परीक्षा घेते आणि तिच्या संकेतस्थळावर नोंदणी होते ती शाळेच्या लॉगिनमधून. शाळेचा यूडायस क्रमांक, मुख्याध्यापकांचा मोबाइल, शाळेचं माध्यम अशी माहिती आधी भरायची, म्हणजे शाळेचं नोंदणीपत्र तयार होतं. मग त्याच लॉगिनमध्ये एकेका मुलाचं आवेदनपत्र. शुल्क तिथूनच भरायचं आणि प्रवेशपत्रंही तिथंच येतात. मुख्याध्यापक ती छापून, सही-शिक्का करून मुलांना देतात. म्हणून पालकानं सायबर कॅफेत जाण्याऐवजी वर्गशिक्षकांना एवढंच विचारावं, "माझ्या मुलाचं आवेदनपत्र भरलं का? त्याची प्रिंट दाखवता का?"

ती प्रिंट नीट बघावी, कारण चुका तिथंच होतात. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे तशीच हवी. आधारकार्डावर 'प्रतिक' आणि रजिस्टरला 'प्रतीक' असा फरक नेहमीचाच असतो. त्याहून महाग पडते माध्यमाची चूक. सेमी इंग्रजीच्या मुलाचं आवेदनपत्र भरताना सेमीचा पर्याय राहिला, तर परीक्षेच्या दिवशी त्याच्या पुढ्यात गणित निव्वळ मराठीत येतं. वर्षभर 'फ्रॅक्शन' म्हणत शिकलेलं पोर 'अपूर्णांक' वाचून अडखळतं. मी असं एक पोर पाहिलंय. त्याला गणित येत होतं, प्रश्न कळत नव्हता. परिषद दुरुस्तीसाठी मुदत देते, पण ती दुरुस्तीही शाळेच्या लॉगिनमधूनच होते. त्यामुळे चूक पालकांच्या नजरेस वेळेत पडली पाहिजे.

आता इयत्तेचा घोळ, आणि सध्या सर्वांत जास्त गोंधळ याचाच आहे. आजोबा म्हणतात शिष्यवृत्ती चौथी-सातवीला असते. मोठी बहीण म्हणते, छे, मी पाचवीत दिली होती. दोघंही खरं बोलतात. पूर्वी परीक्षा चौथीला आणि सातवीलाच होती. शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी केली, त्या अनुषंगानं 2016-17 पासून ती पाचवी-आठवीला गेली. 2025 मध्ये शासनानं ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचं ठरवलं. बदलाचं वर्ष म्हणून 2025-26 साठी चारही इयत्तांची परीक्षा ठेवली आणि 2026-27 पासून फक्त चौथी आणि सातवी. म्हणजे आज तिसरीत असलेल्या मुलाच्या घरी 'अजून दोन वर्षं आहेत' असं कुणी म्हणत असेल, तर तसं नाही. पुढचंच वर्ष त्याचं.

इयत्ता जुळली म्हणजे झालं, असंही नाही. वय बघतात, आणि ते परीक्षेच्या दिवशीचं नव्हे, तर 1 जूनचं. चौथीसाठी कमाल वय 10 वर्षं, पाचवीसाठी 11, सातवीसाठी 13 आणि आठवीसाठी 14. दिव्यांग मुलांना प्रत्येक टप्प्यावर चार वर्षं जास्त मिळतात, म्हणजे चौथीला 14, सातवीला 17. समजा दोन मैत्रिणी 2026-27 मध्ये चौथीत एका बाकावर बसतात. एकीचा जन्म नोव्हेंबर 2016 चा, दुसरीचा नोव्हेंबर 2015 चा. 1 जून 2026 ला पहिली साडेनऊ वर्षांची, दुसरी साडेदहाची. पहिली बसू शकते, दुसरी नाही, मग तिचं गणित कितीही पक्कं असो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या घरातली मुलं उशिरा दाखल होतात आणि नेमकी इथंच अडकतात. मला ही अट त्यांच्यावर अन्याय करणारी वाटते. पण ती आहे, म्हणून मुलाला वर्षभर तयारीला बसवण्याआधी तारखेची वजाबाकी करावी.

उत्पन्नाचा दाखला मात्र लागत नाही. तो लागतो हा समज शिरलाय एनएमएमएसमुळे. तीही परीक्षा परिषदच घेते आणि ती आठवीला असते, जिथं इतकी वर्षं शिष्यवृत्तीही होती, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते. एनएमएमएस आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी आहे. तिथं पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं आणि मूल शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेतलं असावं लागतं. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेला उत्पन्नाची अट नाही आणि विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेतलं मूलही बसू शकतं. शाळा मान्यताप्राप्त हवी आणि मूल महाराष्ट्रातलं रहिवासी हवं.

निकालाच्या दिवशी सर्वांत जास्त हिरमोड होतो तो 'पास' या शब्दानं. पाचवीच्या परीक्षेचंच उदाहरण घेऊ. पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. दोन्ही पेपर दीडशे-दीडशे गुणांचे. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात 40 टक्के, म्हणजे 60 गुण लागतात. एकाला पहिल्या पेपरात 90 आणि दुसऱ्यात 56 मिळाले, एकूण 146, तरी तो अपात्र. दुसऱ्याला 62 आणि 61, एकूण 123, तो पात्र. पण पात्र म्हणजे शिष्यवृत्तीधारक नव्हे. शिष्यवृत्तीचे संच ठरलेले आहेत आणि पात्र मुलांमधून गुणवत्ता यादीत वर असलेल्यांनाच ते मिळतात. 123 वाल्याच्या घरी पेढे वाटले जातात आणि नंतर कळतं की पैसे येणार नाहीत. पेढे वाटावेतच, फक्त निकालपत्रावर 'पात्र' लिहिलंय की 'शिष्यवृत्तीधारक', हे आधी बघावं.

यादीत आलेल्यालाही रक्कम आपोआप मिळत नाही. पाचवीच्या शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला 5,000 रुपये आणि आठवीची 7,500 रुपये. परीक्षा परिषदेचं काम निकालापर्यंत, पैसे येतात शिक्षण संचालनालयाच्या योजना विभागाकडून, मुलाच्या बँक खात्यात. त्या खात्याचा तपशील भरतं कोण? पुन्हा शाळाच. आणि पाचवीची शिष्यवृत्ती सहावी ते आठवी चालते, तेव्हा मूल बहुधा दुसऱ्या शाळेत गेलेलं असतं. जुनी शाळा समजते नवी भरेल, नव्या शाळेला तो शिष्यवृत्तीधारक आहे हेच ठाऊक नसतं. म्हणून मी शाळा सोडल्याचा दाखला देताना पालकाच्या हातात निकालपत्राची आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स ठेवतो आणि सांगतो, ही नव्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर प्रवेशाच्याच दिवशी द्या.