आधी सर्च कन्सोल उघडा

कंपनीत एसईओ इंटर्न म्हणून रुजू झालेल्या मुलाला किंवा मुलीला पहिल्याच आठवड्यात बहुधा एक फर्मान निघतं : "ब्लॉगसाठी चांगले कीवर्ड शोधून दे." मग कीवर्ड प्लॅनर उघडला जातो, शेदोनशे शब्दांची एक्सेल तयार होते आणि ती कुठल्याशा फोल्डरमध्ये पडून राहते. जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला हा प्लॅनर नेमका आकडाही देत नाही. 'महिन्याला शंभर ते हजार' असं ढोबळ काहीतरी सांगतो, आणि त्यावरून दोन शब्दांत डावं-उजवं ठरवणं कठीण असतं.

त्यापेक्षा घरातलीच माहिती आधी पाहावी. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे आणि त्यात मागच्या १६ महिन्यांचा हिशेब मिळतो : लोकांनी काय टाइप केलं तेव्हा आपलं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं आणि सरासरी कितव्या क्रमांकावर दिसलं. या यादीत आठव्या ते विसाव्या क्रमांकावर रेंगाळणारी पानं शोधायची. गूगलने त्यांना विषयाशी संबंधित मानलेलं असतं, पण वाचणाऱ्यापर्यंत ती पोचत नाहीत. नवा लेख लिहिण्यापेक्षा यांची डागडुजी लवकर फळते.

समजा, कंपनी वॉटर सॉफ्टनर विकते. ब्लॉगवर 'जलमृदूकरण : काळाची गरज' असा लेख आहे. (अशा मथळ्याचा लेख प्रत्येक कंपनीच्या ब्लॉगवर असतोच!) सर्च कन्सोल सांगतं की 'बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग' या शोधाला हे पान तीन महिन्यांत २,४०० वेळा दिसलं, सरासरी क्रमांक ११ आणि क्लिक फक्त १२. म्हणजे दोनशे वेळा दिसल्यावर एक क्लिक.

आता तोच शोध इन्कॉग्निटो खिडकीत स्वतः टाकून पाहायचा. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि खरं कीवर्ड संशोधन इथेच होतं. वर आलेली पानं डाग काढायचे उपाय सांगत असतील, तर शोधणाऱ्याला आत्ता नळ घासायचाय, मशीन घ्यायचं नाही. 'वॉटर सॉफ्टनर किंमत' या शोधाला दुकानांची पानं येत असतील, तर तिथे लेख घुसवण्यात अर्थ नाही. ते काम उत्पादनाच्या पानाचं. शोधपेटीत अर्धं वाक्य टाकून खाली काय सुचवलं जातं तेही टिपून घ्यावं. 'bore water' असं रोमन लिपीतही टाइप करून बघावं, कारण फोनवर कितीतरी मराठी माणसं तसंच लिहितात.

मग पानाला हात घालायचा. आधी टायटल टॅग :

```html
<title>बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग कसे काढावेत?</title>
```

पानावरचं मुख्य शीर्षकही याच अर्थाचं हवं. पहिल्या परिच्छेदात थेट उत्तर द्यावं : हे डाग कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवलं की सुटतात, मात्र संगमरवरावर व्हिनेगर लावू नये. डाग पुन्हा का येतात हे त्यानंतर सांगावं आणि सॉफ्टनरचा विषय तिथे काढावा. तिथूनच उत्पादनाच्या पानाची लिंक द्यायची. लिंकवर 'इथे क्लिक करा' लिहिण्याऐवजी 'घरगुती वॉटर सॉफ्टनर' असं लिहिलं, की पलीकडे काय आहे ते माणसालाही कळतं आणि गूगललाही.

मेटा डिस्क्रिप्शनने क्रमांक वाढत नाही. पण ते नीट असलं तर क्लिक मिळायला मदत होते, तेही गूगलने तेच दाखवलं तर. पुष्कळदा तो पानातलंच वाक्य उचलतो. मेटा कीवर्ड मात्र भरत बसू नयेत. क्रमवारीसाठी आपण ते बघत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, सुंदर करण्याचा मोहही टाळावा. तो बदलून ३०१ रिडायरेक्ट लावायचं राहिलं, तर जुन्या लिंकवरून येणारा माणूस रिकाम्या पानावर आपटतो.

याच यादीत 'बोअरच्या पाण्याने केस गळतात का' असा शोधही सापडेल, आणि मार्केटिंगवाले म्हणतील, "घाल की तेही." जड पाण्याने केस कोरडे, राठ वाटतात इतपत लिहावं. सॉफ्टनर लावला की केस गळायचे थांबतील, असं वचन देऊ नये.

केलेला बदल तारखेसकट नोंदवून ठेवावा. परिणाम काही दिवसांत दिसतो, कधी महिनेही लागतात. तुलना करताना आधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस घ्यावेत, आणि तीही त्याच एका शोधापुरती. पूर्ण पानाचा सरासरी क्रमांक पाहिला तर फसगत होते : सुधारलेलं पान नव्या-नव्या शोधांना चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकावर दिसू लागतं, त्यामुळे सरासरी घसरते, आणि क्लिक वाढत असतानाच साहेब विचारतात, "रँकिंग का पडलं?"