मी मांजर नाही, न्यायाधीश महाराज!

९ फेब्रुवारी २०२१. टेक्सासमधल्या एका जिल्हा न्यायालयाची झूमवर सुनावणी होती. पडद्यावर दोन वकील माणसांसारखे दिसत होते आणि तिसऱ्याच्या जागी डोळे गरगर फिरवणारं पांढरं मांजराचं पिल्लू. रॉड पाँटन हे ते वकील. संगणक त्यांच्या सेक्रेटरीचा होता आणि त्यात मांजराचा फिल्टर चालूच राहिला होता. तो काही केल्या निघेना. शेवटी पाँटन काकुळतीला येऊन म्हणाले, मी इथे हजर आहे, मांजर नाही! त्यावर न्यायाधीश रॉय फर्ग्युसन शांतपणे उत्तरले, ते दिसतंय मला.

फर्ग्युसन यांनी ही चित्रफीत स्वतःच प्रसिद्ध केली. मुलांनी संगणक वापरला असेल तर सुनावणीआधी फिल्टर बंद आहेत ना ते तपासा, असा सल्लाही सोबत दिला. काही तासांत ती जगभर पोचली आणि मीम झाली.

हसू येतं ते मांजराच्या डोळ्यांतल्या घाबरेपणाला. फिल्टर चेहरा लपवतो, पण वकिलाच्या नजरेची धांदल मांजराच्या चेहऱ्यावर जशीच्या तशी उमटते. ‘तुम्ही म्यूटवर आहात’ या मीमचंही तेच. ओठ हलतात, हातवारे होतात, फक्त आवाज नसतो. आपला आवाज पलीकडे पोचतोय की नाही, हे बोलणाऱ्याला कानांनी कळायची सोय नसते. कॅमेरा बंद करणारे या फजितीतून सुटतात. त्यांच्यावरची मीम्स मग ते झोपलेत की जेवताहेत, या संशयावर चालतात.