बँक्वेट कॅप्टनचा राजीनामा

बँक्वेट कॅप्टन म्हणजे लग्नाच्या हॉलमधला वाढप्यांचा म्होरक्या. टेबलांची मांडणी, वाढप्यांच्या नेमणुका, यजमानाने खात्री दिलेल्या ताटांचा हिशोब, सगळे त्याच्याकडे. असा माणूस पदवीसाठी नोकरी सोडतो, तेव्हा राजीनाम्यात कारणापेक्षा तारखेला जास्त वजन असते.

समजा, पुण्यातल्या एका कॅप्टनला मुंबईत दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत प्रवेश मिळाला. 1954 साली सुरू झालेल्या या संस्थेतला पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा. वर्ग जुलैअखेर सुरू होणार आणि नेमणूकपत्रात नोटीस तीस दिवसांची. त्याने 20 जूनला पत्र दिले, तर शेवटचा दिवस 20 जुलै. ही तारीख पत्राच्या पहिल्याच वाक्यात हवी. ‘लवकरात लवकर मोकळे करावे’ एवढेच लिहिले, तर तारीख साहेबांच्या मर्जीवर जाते.

कारणाला एक ओळ पुरते: पूर्णवेळ शिक्षण. पगाराची कुरकुर इथे नको.

खरे काम पुढच्या परिच्छेदात. जुलैअखेरीस चारशे पानांचा साखरपुडा ठरलेला असेल, तर त्याचे फंक्शन प्रॉस्पेक्टस कोणाकडे सोपवले, यजमानाने तोंडी सांगितलेले बदल कोणते, हे त्यात यावे. जैन पंगत वेगळी हवी, असे तोंडी ठरलेले कागदावर नसते. कॅप्टनबरोबर तेही निघून जाते.

शेवटी अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीपत्राची मागणी. पत्राच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी; नोटीस कधी सुरू झाली, याचा वाद तिथेच मिटतो.