भोकाचं वजन उणे

पदार्थविज्ञानाच्या किंवा अभियांत्रिकीच्या पुस्तकात एक आकृती हमखास भेटते. एक सपाट पत्रा, त्याच्या उजव्या अंगाला जोडलेला त्रिकोणी तुकडा आणि डाव्या अंगाला एक गोल भोक. खाली एका ओळीत प्रश्न असतो: या पत्र्याचं वस्तुमानकेंद्र कुठे आहे? म्हणजे असा कोणता बिंदू आहे, जिथे सगळं वजन एकवटलंय असं धरलं तरी तोल तसाच राहील? सूत्र छोटं आहे. पण उत्तरं चुकतात ती बहुतेकदा सूत्राच्या आधी, आकृती वाचतानाच.

अशीच एक आकृती घेऊ. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये आहेत. खालच्या कडेला लांबलचक मापरेषा आहे, तिच्यावर 18. वरच्या कडेला 12. डाव्या कडेला उंची 8. उजवी कड वरून खाली तिरकी उतरत गेलेली. भोकाच्या मधोमध तुटक मध्यरेषांची फुली आहे. डाव्या कडेपासून त्या फुलीपर्यंत 3 आणि खालच्या कडेपासून 5. भोकाकडे बाण करून लिहिलंय ⌀4.

यात त्रिकोणाचा पाया कुठेच छापलेला नाही. तो काढावा लागतो: खालची लांबी 18, वरची 12, म्हणून पाया 6. त्रिकोणाचा काटकोन आयताला चिकटलेल्या बाजूला आहे, हेही आकृतीच सांगते. आणि ⌀ ही खूण व्यासाची आहे. भोकाची त्रिज्या 2 आहे, 4 नव्हे. त्रिज्या द्यायची असती तर R लिहिलं असतं. घाईत 4 हीच त्रिज्या धरली, तर भोकाचं क्षेत्रफळ थेट चौपट होतं. सुदैवाने इथे ही चूक लपत नाही. डाव्या कडेपासून 3 वर असलेल्या केंद्राभोवती 4 त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर ते पत्र्याच्या बाहेर जातं. मापं मात्र छापलेल्या आकड्यांवरूनच घ्यायची, आकृतीवर पट्टी ठेवून नव्हे. छपाईत आणि झेरॉक्समध्ये आकृती लहानमोठी होते, आणि मुळात ती प्रमाणात काढलेली असेलच असं नाही.

पत्र्याची जाडी आणि धातू सगळीकडे सारखे असतील, तर वजनाऐवजी क्षेत्रफळ घेऊन चालतं. डावा खालचा कोपरा शून्य धरायचा. आयताचं क्षेत्रफळ 96, त्याचं केंद्र मधोमध, म्हणजे उजवीकडे 6 आणि वर 4. त्रिकोणाचं क्षेत्रफळ 24. काटकोन त्रिकोणाचं केंद्र काटकोनाच्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना एक तृतीयांशावर असतं. म्हणून उजवीकडे 12 अधिक 2, म्हणजे 14, आणि वर 2.67. भोकाचं क्षेत्रफळ 12.57, केंद्र उजवीकडे 3 आणि वर 5.

आता भोकाला वजनच नाही, तर त्याला हिशेबात कसं आणायचं? पत्रा आधी अखंड होता असं समजायचं आणि भोकाच्या जागी उणे क्षेत्रफळाची चकती ठेवायची. प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या केंद्राचं अंतर, हे गुणाकार असे होतात: आयताचा 576, त्रिकोणाचा 336, भोकाचा उणे 37.7. बेरीज 874.3. उरलेलं क्षेत्रफळ 96 अधिक 24 उणे 12.57, म्हणजे 107.43. भागाकार 8.14. वरच्या दिशेने तोच हिशेब केला की 3.59 मिळतं. वस्तुमानकेंद्र उजवीकडे 8.14 आणि वर 3.59 सेंटिमीटरवर.

उणे चकतीची ही युक्ती पाठ्यपुस्तकवाल्यांनी शोधलेली नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूसच्या आर्किमिडीजने प्रतलांच्या समतोलावर दोन भागांचा ग्रंथ लिहिला. त्रिकोणाचं केंद्र मध्यगांच्या छेदनबिंदूवर असतं, हे त्याच्या पहिल्या भागात सिद्ध केलेलं आहे. त्याच भागातलं आठवं विधान थेट भोकाचं उत्तर देतं. एखाद्या वस्तूतून तुकडा काढला, तर काढलेल्या तुकड्याच्या केंद्रापासून अखंड वस्तूच्या केंद्राकडे रेषा काढायची आणि ती पुढे वाढवायची. उरलेल्या भागाचं केंद्र त्या वाढवलेल्या रेषेवरच असतं. किती पुढे, हे काढलेल्या आणि उरलेल्या भागांच्या गुणोत्तरावरून ठरतं.

आपल्या पत्र्यावर हे विधान लावून पाहावं, इतकं ते देखणं आहे. अखंड पत्र्याचं केंद्र उजवीकडे 7.6 आणि वर 3.73 वर येतं. भोक त्याच्या डावीकडे आणि वर आहे. म्हणजे केंद्राने उजवीकडे आणि खाली सरकायलाच हवं. किती? 12.57 भागिले 107.43, म्हणजे सुमारे 0.117. भोकाच्या केंद्रापासूनचं आडवं अंतर 4.6 आहे, त्याला 0.117 ने गुणलं की 0.54. मग 7.6 अधिक 0.54 बरोबर 8.14. दोन वाटांनी एकच उत्तर.

केंद्र भोकापासून दूर सरकलं पाहिजे, ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर दोन मोठ्या चुका एका नजरेत पकडता येतात. कुणी उणे चिन्ह विसरून भोकाचा गुणाकार आणि क्षेत्रफळ दोन्ही मिळवले, तर उत्तर 7.16 येतं. केंद्र भोकाकडेच ओढलं गेलं. दुसरी चूक जास्त फसवी आहे. वरच्या गुणाकारांतून भोक वजा केलं, पण खालच्या क्षेत्रफळातून करायचं राहिलं, भागाकार 120 नेच केला. उत्तर 7.29. हेही 7.6 च्या डावीकडे, म्हणजे चूक. पण याच चुकीने उभं उत्तर 3.21 येतं आणि तिथे सरकण्याची दिशा बरोबर दिसते. म्हणून आडवी आणि उभी, दोन्ही दिशा तपासाव्यात.

क्षेत्रफळाने वजनाची जागा घेणं एका अटीवरच चालतं: धातू एकच हवा. आकृतीत दोन भागांवर वेगवेगळी तिरकी रेघाटणी असेल, तर तिकडे डोळेझाक करू नये, कारण बहुधा धातू वेगळे असल्याची ती खूण असते. समजा आयत ॲल्युमिनियमचा आणि त्रिकोण पोलादाचा आहे, जाडी तीच. ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 2.7 ग्रॅम, पोलादाची 7.85. आता प्रत्येक क्षेत्रफळाला आपापल्या घनतेने गुणावं लागतं. भोक ॲल्युमिनियमात आहे, म्हणून ते 2.7 नेच गुणून वजा होतं. केंद्र 8.14 वरून जवळजवळ 9.9 वर जातं. बाह्यरेषा तीच, मापं तीच, केंद्र पावणेदोन सेंटिमीटर सरकलं.

एकाच धातूच्या पत्र्याचं उत्तर घरी तपासता येतं. जाड, एकसारखा कार्डपेपर याच मापांनी कापावा आणि भोकही नीट कापावं. कडेजवळ टाचणीने बारीक छिद्र पाडून आकृती मोकळी लोंबू द्यावी, त्याच टाचणीवरून दोऱ्याला वजन बांधून ओळंबा सोडावा आणि दोऱ्याखालची रेघ आखावी. दुसऱ्या कोपऱ्यातून टांगून दुसरी रेघ काढावी. दोन्ही जिथे छेदतात ते केंद्र. पुठ्ठ्याचं खोकं वापरू नये, त्याच्या आतल्या पन्हळींमुळे वजन सगळीकडे सारखं राहीलच असं नाही. तिसऱ्या टोकातून टांगून तिसरी रेघही काढावी. ती आधीच्या बिंदूतून न जाता बाजूला छोटासा त्रिकोण करत असेल, तर टाचणीच्या छिद्रात कागद अडकतोय. छिद्र किंचित सैल करून, कागद हलकेच हलवून स्थिर होऊ द्यावा आणि रेघा पुन्हा काढाव्यात.