‘फूल ना फुलाची पाकळी’ऐवजी ४८०० रुपये मागा! गावच्या शाळेचं मदतीचं पत्र कसं बदलायचं?

‘सप्रेम नमस्कार. आमची शाळा दुर्गम, आदिवासीबहुल भागात असून एकूण पट ४७ आहे. शाळेला अनेक भौतिक सुविधांची गरज आहे. तरी आपण फूल ना फुलाची पाकळी या न्यायाने यथाशक्ती मदत करावी, ही नम्र विनंती.’

अशी पत्रं व्हॉट्सॲपवर तुम्हालाही आली असतील. वाचून वाईट वाटतं, आपण हात जोडल्याची इमोजी पाठवतो आणि विषय तिथंच संपतो. पत्रात खोटं काहीच नसतं. पण नेमकं कोणासाठी, किती आणि कधीपर्यंत द्यायचं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘यथाशक्ती’ म्हणजे १०० रुपये की १० हजार? ठरवता येत नाही म्हणून माणूस ‘नंतर बघू’ म्हणतो.

हेच पत्र नीट कसं करायचं, ते एका नमुन्यावरून पाहू. यातली शाळा, मुलगी आणि आकडे हिशेब समजण्यापुरते घेतले आहेत. परिस्थिती मात्र नाशिक जिल्ह्याला नवी नाही. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतली अनेक कुटुंबं पावसाळी शेती आटोपली की दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. मुलंही सोबत जातात आणि शाळेचा पट कागदावरच राहतो.

चौथ्या परिच्छेदात दडलेली मुलगी

नमुन्यातलं मूळ पत्र दोन पानांचं आहे. आधी शाळेची स्थापना, मग मिळालेले पुरस्कार, मग गरजांची यादी: संगणक, रंगकाम, क्रीडा साहित्य, पाण्याची टाकी. चौथ्या परिच्छेदात एक वाक्य येतं, ‘स्थलांतरामुळे काही विद्यार्थी अनियमित राहतात.’ खरं पत्र या वाक्यात आहे. ‘काही विद्यार्थी’ म्हणजे कोण, असं गुरुजींना विचारलं की उत्तर यादीने येत नाही, एका मुलीच्या गोष्टीने येतं. तीच गोष्ट उचलून वर आणायची:

‘सुमन चौथीत आहे. मागच्या वर्षी दिवाळीनंतर ती आई-वडिलांबरोबर द्राक्षबागेवर गेली आणि होळीला परतली. तोवर वर्गात भागाकार शिकवून झाला होता. यंदा तिला आजीजवळ राहून शाळेत यायचं आहे. पण आजीला रात्री नीट दिसत नाही, चूल पेटवणं जमत नाही. दुपारी शाळेत पोषण आहार मिळतो. प्रश्न रात्रीच्या जेवणाचा आहे.’

इथं ‘गरीब’, ‘बिचारी’, ‘वंचित’ यातला एकही शब्द नाही. अडचण मात्र समजते आणि ती किती मोठी आहे हेही कळतं: एक रात्रीचं जेवण.

मागणी किती आणि कशी?

पुढचा परिच्छेद फक्त हिशेबाचा. ‘सुमनसारखी १४ मुलं यंदा गावात थांबायला तयार आहेत. पाड्यावरच्या एक ताई शाळेत रात्रीचा स्वयंपाक करतील. एका मुलाच्या एका जेवणाचा खर्च ४० रुपये: ३० रुपये शिधा व गॅस, १० रुपये ताईंचं मानधन. १२० रात्रींचे एका मुलाचे ४८०० रुपये होतात. १४ मुलांचे ६७,२०० रुपये. दिवाळीच्या सुट्टीआधी ही रक्कम हवी आहे. तुम्ही एका मुलाचा पूर्ण हंगाम घेऊ शकता किंवा एक महिना, १२०० रुपये.’

संगणक, रंगकाम, टाकी ही सगळी यादी गेली. शिक्षकांना हे जड जातं, कारण गरजा खऱ्याच असतात. पण त्या दुसऱ्या पत्राच्या गरजा आहेत. सुमनची गोष्ट सांगून रंगकामाला पैसे मागितले तर वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं.

नेमकं मागण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढलं जायचं. एक मूठ किती, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

एकाच मुलाची गोष्ट का?

या विषयावरचा सर्वाधिक उल्लेख होणारा प्रयोग अमेरिकेत झाला. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रश्नावली भरल्याबद्दल लोकांना ५ डॉलर दिले आणि त्यातून दान करण्याची संधी दिली. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी दाखवली, त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना माली देशातल्या ७ वर्षांच्या रोकियाची गोष्ट सांगितली, त्यांनी २.३८ डॉलर दिले. तिसऱ्या गटाला रोकिया आणि आकडेवारी दोन्ही दाखवली, तेव्हा सरासरी १.४३ डॉलरवर आली. म्हणजे गोष्टीला आकड्यांचा ठिगळ लावल्यावर देणगी वाढली नाही, घटली.

मात्र हा काही भौतिकशास्त्राचा नियम नाही. २०२३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हाच प्रयोग ऑनलाइन पुन्हा करून पाहिला, तेव्हा असा फरक आढळला नाही. त्यामुळे गोष्ट वर आणली की पैसे दुप्पट येतील, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पत्र कळण्याजोगं होतं, एवढं नक्की.

इथं चूक होऊ शकते

सगळ्यात मोठा धोका गोष्ट फुगवण्याचा. पत्र चार हातांतून फिरतं. कुणीतरी ‘सुमन रात्री उपाशी झोपते’ असं लिहितं, कुणी तिला अनाथ करतं. तपासायची पद्धत सोपी आहे: पाठवण्याआधी पत्र सुमनच्या आईला आणि आजीला वाचून दाखवायचं. त्या जिथं ‘असं नाही हो’ म्हणतील, ते वाक्य काढायचं. त्यांची परवानगीही त्याच वेळी घ्यायची आणि सुमनलाही विचारायचं.

नाव बदललं तरी पुरत नाही. शाळेचं नाव, इयत्ता आणि ‘आजीला दिसत नाही’ एवढ्यावरून अख्खा पाडा तिला ओळखतो. म्हणून शाळेचं नाव ठेवायचं असेल तर इयत्ता आणि घरचे तपशील सैल करावेत, चेहरा दिसणारा फोटो टाळावा आणि ‘नाव बदलले आहे’ असं पत्रातच लिहावं. व्हॉट्सॲपवर गेलेलं पत्र परत घेता येत नाही. सुमन अठरा वर्षांची झाल्यावरही ते कुणाच्या तरी फोनमध्ये असेल.

दुसरी गफलत देणगीदाराच्या बाजूने होते. तो पैसे ‘सुमनसाठी’ पाठवतो. म्हणून पैसे १४ मुलांच्या एकत्र जेवणाला जातील, एकट्या सुमनला नाही, हे पत्रात स्पष्ट हवं.

पैसे कुठे घ्यायचे?

शिक्षकांच्या स्वतःच्या नंबरचा क्यूआर कोड कितीही सोयीचा असला तरी टाकू नये. खातं शाळा व्यवस्थापन समितीचं किंवा नोंदणीकृत संस्थेचं असावं आणि प्रत्येक रकमेची पावती द्यावी. ‘८०-जी’ सवलत मिळेल असं सरसकट लिहू नका. ती तशी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या पैशांवर मिळते. तांदळाचं पोतं किंवा भांडी दिली तर मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्या देणगीदारालाही तिचा उपयोग नाही. वस्तूच घ्यायच्या असतील तर सरकारी शाळांसाठी केंद्राचं ‘विद्यांजली’ पोर्टल आहे, तिथं गरज नोंदवता येते.

६७,२०० पेक्षा जास्त आले तर काय, हेही आधीच एका ओळीत लिहावं: ‘उरलेली रक्कम पुढच्या हंगामासाठी ठेवू.’ कमी आले तर किती रात्री जेवण देता येईल, ते कळवावं. आणि होळीला दुसरं पत्र जायला हवं, त्यात किती रात्री चूल पेटली, किती खर्च झाला आणि १४ पैकी किती मुलं शेवटपर्यंत थांबली ते असावं. सुमन जानेवारीतच आईकडे निघून गेली असेल, तर तेही.