दहा टक्के सूट आणि दुप्पट विक्री

नेकनूरच्या आठवडी बाजारात किराणा दुकानाबाहेर सुटीची पाटी लागली की गर्दी वाढते. त्यावरून दोन गैरसमज पक्के होतात.

पहिला असा, की दहा टक्के सूट दिली तर दहा टक्के जास्त माल खपला की भरपाई झाली. समजा, पाव किलो चहा पावडरीचं पाकीट 64 रुपयांना पडतं आणि 80 ला विकलं जातं. पाकिटामागे 16 रुपये सुटतात. दहा टक्के सुटीने भाव 72 वर येतो, पण खरेदी 64 च राहते, म्हणजे हातात 8 उरतात. सूट भावावर दिली, पण कापला गेला तो नफा, आणि तो निम्मा झाला. बाजाराच्या दिवशी 60 पाकिटं जात असतील, तर पूर्वीइतकंच कमवायला 120 विकावी लागतील.

दुसरा गैरसमज जोडीच्या ऑफरचा: जोडी खपली म्हणजे ऑफर चालली. किलोभर साखर 42 ला घेऊन 44 ला विकतो असं धरू. चहा-साखर सुटी घेतली तर 124 रुपये होतात. जोडी आपण 118 ला लावली. सुटं विकताना दोन्हींवर मिळून 18 सुटत होते, आता 12 सुटतात.

आता गिऱ्हाईक पाहू. साठांपैकी 40 जण आधीपासूनच चहाबरोबर साखर नेत होते, 20 जण फक्त चहा. जुना नफा 1,040 रुपये. ऑफर लागल्यावर ते चाळीसही जण जोडीच उचलतात, वीसातले दहा तिकडे वळतात आणि दहा गिऱ्हाइकं नवी येतात. साठ जोड्या संपतात, दहा जण सुटा चहा नेतात, गल्ला फुगतो आणि नफा 880 वर उतरतो. बरोबरीला यायला दहाऐवजी 24 नवी गिऱ्हाइकं हवी होती. म्हणून किती जोड्या गेल्या यापेक्षा त्या कोणी नेल्या, हे वहीत लिहिणं मला जास्त मोलाचं वाटतं. पूर्वी फक्त साखर नेणारा जोडीकडे वळला, तर मात्र 2 च्या जागी 12 सुटतात. अशी किंवा नवी गिऱ्हाइकं बरीच असतील तरच जोडी लावण्यात अर्थ आहे.

हे पडताळायचं तर एका बाजाराला ऑफर ठेवावी, पुढच्याला काढावी, असे सहा-आठ बाजार करावेत. तुलना बाजाराच्या दिवसाची बाजाराच्याच दिवसाशी करावी. सूट काढल्यावरच्या बाजाराला विक्री नेहमीपेक्षा खाली गेली, तर लोकांनी पुढचा माल आधीच भरून ठेवला होता असं समजावं; ती घट सुटीच्या खात्यातून वजा करावी.

आपल्या भागात वेळही सांभाळावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबांच्या हाती उचल येते, महिनोन् महिन्यांचा किराणा भरला जातो आणि मग गावं रिकामी होतात. त्या दिवसांत लावलेली कुठलीही ऑफर यशस्वी दिसेल, आणि मजूर गेल्यावर लावलेली हमखास पडलेली.